सात दिवस थांब, कोड परत परत मागू नको

अरे, तुझं व्हॉट्सअ‍ॅप चोरानं बळकावलं म्हणून घाबरू नको, आमच्या महाल भागातल्या मावशीचं, रिटायर्ड मास्तरीणबाई हो, व्हॉट्सअ‍ॅप असंच गेलं होतं, ओळखीच्याच नंबरवरून 'चुकून तुमच्याकडे कोड आला' असा मेसेज आला अन् तिनं सहा आकडी कोड देऊन टाकला. नातवानं तिच्याच फोनवर नंबर टाकून नवा कोड मागवला, तो टाकला की चोर तिथंच बाहेर. पण चोट्ट्यानं दोन टप्प्यांच्या पडताळणीचा पिन लावून ठेवला होता, मग सात दिवस थांबावंच लागते. मावशी दर तासाला "आता बघ नं बाप्पा", पोरगा नुसता कॅलेंडरवर रेघ मारून दाखवे. उगाच कोड मागवत बसलं की पुढचा कोड मागवायला अजून जास्त वाट पाहावी लागते. तोवर नातेवाईकांना फोन, पैसे मागितले तर देऊ नका. आठव्या दिवशी आत गेल्याबरोबर आधी स्वतःचा पिन लावला, ईमेल जोडला, तूही तेच कर.