५८ पोरं, अर्धं मैदान आणि पहिला खेळाचा तास

प्रश्न: परभणीकडे एका गावात नुकताच शिक्षक म्हणून लागलोय. सातवीची ५८ पोरं घेऊन पहिला खेळाचा तास घेतला, शेजारी नववीचं क्रिकेट चालू. खो-खो लावला आणि सगळा गोंधळ. काय चुकलं?

उत्तर: सर, माझ्या मते गोंधळ खो-खो निवडला तिथेच झाला. त्यात आठ बसलेले, एक पाठलाग करणारा आणि आत तीन पळणारे, म्हणजे १२ पोरं खेळात. उरलेली ४६ कडेला उभी. पोरं काही मुद्दाम दंगा करत नाहीत, उभं राहून कंटाळली की ती चेंडूकडेच जाणार.

पुढच्या तासाला लंगडी घ्या. तुमच्या वाट्याला साधारण ३० बाय २० पावलं आलीत असं धरू. त्यात आठ-आठ पावलांचे सहा चौकोन बसतात, तीन-तीनच्या दोन ओळी, मध्ये दोन पावलांची गल्ली. गल्ली सोडलीच पाहिजे, नाहीतर शेजारच्या गटातली पोरं पाठमोरी एकमेकांवर आदळतात. चार गटांत दहा, दोन गटांत नऊ, झाली ५८. हे गट वर्गातच फळ्यावर लिहून द्या, मैदानावर वाटणी करू नका.

पूर्ण रेघा मारत बसायची गरज नाही, कोपऱ्यांवर रांगोळीने हातभर काटकोन पुरतो. चुन्याची फक्की टाळा, पळताना उडून डोळ्यात जाते. विटाही नकोत, ठेच लागते. रेघा मारतानाच जमीन बघून घ्या. आपल्याकडच्या काळ्या मातीत पाऊस पडून वाळला की जनावरांच्या खुरांचे खड्डे दगडासारखे कडक होतात, आणि एका पायावर असताना घोटा तिथेच मुरगळतो. असा चौकोन सरळ बाजूला सरकवा. बाभळीचे काटेही वेचा, बरीच पोरं अनवाणी असतात.

नियम एकच बदला: बाद झालेल्याने बाहेर बसायचं नाही, पुढची लंगडी त्याने घालायची. अर्ध्या मिनिटात कोणी सापडलं नाही किंवा उचललेला पाय टेकला, तर लंगडी घालणारा बदलायचा. अर्ध्या मिनिटापुढे पोटरी भरून येते आणि पोरं दुसरा पाय टेकवायला लागतात. पुढच्या फेरीला पाय बदलायला सांगा.

शिट्टीवर विसंबू नका, नववीचीही शिट्टी वाजतेच. लेझीमची हलगी शाळेत असेल तर ती घ्या. दोन थाप म्हणजे आहे तिथे खाली बसायचं. हे वर्गातच तीन-चारदा करून घ्या. सूचना देताना ऊन तुमच्या तोंडावर घ्या, पोरांच्या डोळ्यात नको. आणि नववीच्या सरांना आधीच विनंती करा, फलंदाजाचं तोंड तुमच्या उलट दिशेला ठेवा म्हणून.

तास चालू असताना नजर उभ्या असलेल्या पोरांवर ठेवा. एखाद्या चौकोनात तीन-चार जण जागचे हलत नसतील, तर तिथे लंगडी घालणारा दमलाय किंवा चौकोन मोठा पडतोय. दोन पावलं आत घ्या.