‘तू’चं ‘तुम्ही लोक’ झालं तिथं

*“आम्ही कॉलेजपासूनचे सहा जण. निवडणुकीच्या दिवसांत धर्मावरून ग्रुपवर कडाक्याचं भांडण झालं आणि सगळे पांगले. मीही नको ते बोललो. आता पुढाकार घ्यावासा वाटतो, पण माझं मत काही बदललेलं नाही. मग माफी कशाची मागू? आणि समोरच्यानं उत्तरच दिलं नाही तर?” – एक वाचक, धुळे*

दीड-दोन वर्षांपूर्वी यावल-रावेर पट्ट्यातले एक शिक्षक अशीच तुटलेली मैत्री घेऊन माझ्याकडे आले होते. त्यांची अडचणही हीच होती. त्यांची गोष्ट सांगतो. सांगायला दोघांचीही परवानगी आहे, आणि ओळख पटेल असं सगळं मी बदललंय. मित्रमंडळी त्यांना मास्तर म्हणतात, तर मीही इथं तेच म्हणतो. दुसरा मोटार वायंडिंगचं दुकान चालवणारा, त्याला सगळा गाव मिस्त्री म्हणतो. मिस्त्री मुसलमान. तिसरे आप्पा, केळीवाले. दर हिवाळ्यात यांच्या मळ्यात भरीत पार्टी ठरलेली. आणखी दोघं होते. शाळेपासूनची तीस वर्षांची बैठक.

2024 च्या लोकसभेला रावेर मतदारसंघात 13 मेला मतदान होतं. त्याच्या चार दिवस आधी रात्री मास्तरांनी ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. मिस्त्री म्हणाला, हा जुना आहे आणि इकडचा नाहीच. तिथून सुरू झालं ते चाळीस मिनिटं चाललं. शेवटी मिस्त्री ग्रुपमधून बाहेर पडला.

मास्तर ऑक्टोबरात आले तेव्हा हातात फाइल होती. व्हिडिओ खरा कसा, याचे पुरावे! ते मिस्त्रीला पाठवावेत की नाही, एवढाच त्यांचा प्रश्न. मी ती फाइल बाजूला ठेवली आणि पुढच्या वेळी त्या रात्रीचं चॅट कागदावर छापून आणायला सांगितलं. मोबाइलवर माणूस आपल्याला हवं तेवढंच वाचतो. कागद समोर असला की अंगठा सरकवून पळता येत नाही.

एकतीस मेसेज होते. मी म्हटलं, मोठ्यानं वाचा, आणि मिस्त्रीला जिथं जिथं संबोधलंय ते शब्द पेन्सिलीनं अधोरेखित करा. पहिल्या अठरा मेसेजांत ‘तू’ होता. ‘तू येडा आहेस’, ‘तुला काही कळत नाही भो’, असं बरंच काही, पण सगळं ‘तू’. एकोणिसाव्यात आलं, ‘तुम्ही लोक कायम असंच करता.’ मास्तर थांबले. तोपर्यंत मिस्त्री भरभरून लिहीत होता, त्यानंतर त्याचे फक्त तीन मेसेज. शेवटचा होता, ‘ठीक आहे सर.’

तीस वर्षांत मिस्त्रीनं त्यांना कधी ‘सर’ म्हटलं नव्हतं.

मत न बदलताही माफी कशाची मागायची, ते इथं सापडतं. व्हिडिओवरचं मत हा एक भाग. समोरच्या मित्राला मित्रपणातून उचलून एका जमावात नेऊन बसवलं, हा दुसरा. पहिल्यावर मतभेद ठेवून माणसं जन्मभर एका ताटात जेवतात. दुसरा भाग मात्र बोलून मिटवावा लागतो, कारण ‘तुम्ही लोक’ला समोरच्याकडे उत्तरच नसतं. स्वतःच्या वागण्याचा जाब तो देऊ शकतो, लाखो लोकांचा कुठून देणार? राजकारणावरून तुटलेल्या मैत्रीत मला हे वाक्य कुठल्या ना कुठल्या रूपात बहुतेक वेळा सापडतं. ‘तुमच्या जातीचे’, ‘तुम्ही पुरोगामी’, ‘तुम्ही भक्त’. तुमचंही चॅट काढा. एकोणिसावा मेसेज शोधा.

मास्तरांनी तोवर दोन प्रयत्न करून पाहिले होते. जूनमध्ये बकरी ईदला त्यांनी मिस्त्रीला चंद्र-मशिदीचं शुभेच्छांचं चित्र फॉरवर्ड केलं. निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. “मी हात पुढे केला, त्यानं झिडकारला,” असं त्यांचं म्हणणं. मला तसं वाटलं नाही. ‘तुम्ही लोक’ ऐकल्यावर महिनाभरानं जर ‘तुमच्या लोकांचा’ सण म्हणून आयतं चित्र आलं, तर ते त्याच वाक्याचा पुढचा भाग वाटू शकतं. एरवी त्याच ईदला मास्तर त्याच्या घरी जाऊन शीरखुर्मा पिऊन येत.

दुसरा प्रयत्न आप्पांमार्फत. आप्पा बिचारे भले. मास्तरांचं म्हणणं त्यांनी मिस्त्रीपर्यंत नेलं, पण नेता नेता त्याचं झालं, ‘जाऊ दे ना, दोघंही चुकले.’ वर एकदा न विचारता त्याला परत ग्रुपमध्ये घेतलं. तो दहा मिनिटांत पुन्हा बाहेर. मधला माणूस निरोप नेताना त्याला स्वतःला सोपं पडेल तेवढंच नेतो, आणि त्याला सोपं काय, तर दोघांना समान दोष. आप्पांचं काम आम्ही बदललं. निरोप न्यायचे नाहीत, फक्त मळा आणि वांगी सांभाळायची.

मग माफीचा मजकूर. मास्तरांचा पहिला खर्डा असा: ‘त्या दिवशी माझ्याकडून काही चुकीचं बोललं गेलं असेल तर माफ कर. पण तूही जरा विचार कर.’ शिक्षक माणूस, म्हणून मी त्यांना व्याकरणानंच पकडलं. ‘बोललं गेलं’ म्हणजे बोलणारा गायब. ‘काही’ म्हणजे नेमकं काय ते सांगायचं नाही. ‘असेल तर’ म्हणजे कदाचित नसेलच. आणि ‘पण’ आला की त्याच्या आधीचं सगळं पुसलं जातं. तीन आठवडे, चार खर्डे. शेवटी गेला तो मेसेज हा:

‘मिस्त्री, 9 मेच्या रात्री मी तुला तुम्ही लोक म्हणालो. सगळ्यांसमोर म्हणालो. तुला असं कधी म्हटलं नव्हतं. चूक माझी. उत्तर दे असं नाही. सगळ्यांसमोर बोललो, तर सगळ्यांसमोर परत घ्यायचीही तयारी आहे, पण तुला हवं असेल तरच.’

अपमान चारचौघांत झाला तरी माफीची सुरुवात एकट्यानं करावी, हे मी अनुभवानं शिकलो. पूर्वी एका प्रकरणात मी अख्ख्या मंडळाला एकत्र बसवलं होतं. दुखावलेल्या माणसाला सगळ्यांच्या नजरेखाली ‘माफ केलं’ म्हणणं भाग पडलं. तो म्हणाला आणि त्यानंतर कधीच दिसला नाही. ती चूक माझी होती.

मेसेजनंतर थांबायचं. चौथ्या दिवशी मास्तरांचा फोन: “नुसतं प्रश्नचिन्ह पाठवू का?” नको म्हटलं. ‘उत्तर दे असं नाही’ असं लिहून मग उत्तर मागितलं, तर पहिली ओळही खोटी ठरते. संशोधक पेगी लिऊ आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत केलेले प्रयोग 2022 मध्ये प्रसिद्ध झाले. आपण आपणहून संपर्क साधला तर समोरच्याला किती बरं वाटेल, याचा अंदाज माणसं कमी करतात, असं त्यांत दिसलं. पण ते प्रयोग भांडण झालेल्यांवरचे नव्हते, त्यामुळे भांडणात मी त्याचा आधार घेतो तो पहिलं पाऊल उचलण्यापुरता. उत्तर येईलच असं मी कुणाला सांगत नाही.

अकराव्या दिवशी मिस्त्रीचा मेसेज आला. ‘मोटार जळाली का तुझी?’

मास्तर हसत हसत मला दाखवायला आले. मी विचारलं, खरंच जळाली होती? तेव्हा ते गप्प झाले. त्यांच्याकडे थोडी शेती, विहिरीवर मोटार. जुलैत ती जळाली होती, आणि तोंड दाखवायची लाज वाटली म्हणून त्यांनी ती दुसरीकडे भरायला नेली होती. लहान गाव, मिस्त्रीला त्याच संध्याकाळी कळलं.

दुकानात भेट झाली तेव्हा मिस्त्रीनं तेच काढलं. मास्तरांनी सांगितलेले त्याचे शब्द असे: “लोक म्हटलास ते रागात म्हटलास. पण मोटार दुसऱ्याकडं नेलीस ती तर शांत डोक्यानं नेलीस ना?” मास्तरांच्या लेखी ती लाज होती, मिस्त्रीच्या लेखी बहिष्कार. ‘अमक्यांच्या दुकानातून घेऊ नका’ असे मेसेज फिरत असतात, आणि असल्या दिवसांत वीस वर्षांचं गिऱ्हाईक अचानक पाठ फिरवतं, तेव्हा दुसरं काय समजायचं? भांडणानंतरच्या टाळाटाळीत आपण स्वतःला लपवत असतो, समोरचा मात्र तिचा हिशेब मांडत असतो. हे मलाही आधी विचारायला सुचलं नव्हतं. आता मी प्रत्येकाला विचारतो: भांडणानंतर तुम्ही कुठं जायचं बंद केलं? कुठलं दुकान, कुठलं लग्न, कुठली मयत? माफीत तेही यायला हवं.

त्या भेटीसाठी आमचं ठरलं होतं तेवढंच मास्तरांनी केलं. वीस मिनिटं, एक चहा, व्हिडिओचं नाव नाही. मोटारीचं मात्र ठरलेल्यात नव्हतं, ते तिथल्या तिथं कबूल करावं लागलं, आणि त्यांनी केलं. पुढच्या दोन-तीन भेटीही अशाच कामाच्या झाल्या, बेअरिंग, स्टार्टर, रब्बीचं पाणी. हात कामात आणि नजर मोटारीवर असली की बोलणं सोपं जातं. राजकारण निघालं ते थेट डिसेंबरात, मिस्त्रीनंच काढलं. तेव्हा दोघांनी एक ठरवलं: ज्यावर भांडायचं ते समोरासमोर भांडायचं, फोनवर नाही. दोघांची मतं जिथं होती तिथंच आहेत.

सगळं जुळलं असं नाही. ग्रुपमधल्या एकानं त्या रात्री मास्तरांहून वाईट लिहिलं होतं, त्यानं आजवर एक शब्द मागे घेतलेला नाही. मिस्त्री त्याच्या शेजारी बसत नाही, आणि आप्पांनी “आता तूही जरा नमतं घे” म्हटल्यावर मास्तरांनीच आप्पांना गप्प केलं. ते बरोबर केलं. शिवीगाळ चालूच असेल, धमकी असेल, तर दुखावलेल्यानं पुढाकार घ्यायचा नसतो. धुळ्याच्या भाऊ, तुम्ही बोलणाऱ्याच्या बाजूला होता, म्हणून पहिलं पाऊल तुमचं. सहा जणांना एकदम जोडायला जाऊ नका. ज्याला सर्वांत जास्त लागलं त्या एकापासून सुरू करा. बाकीच्यांचं त्यांना बघू द्या.

डिसेंबरात मळ्यात भरीत झालं. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी सोलायला मिस्त्री बसला होता, बोटं पोळली की मास्तरांच्या नावानं शिव्या घालत होता, एकेरीत. ग्रुपमध्ये तो आजही परत आलेला नाही. भरिताची तारीख ठरली की आप्पा त्याला वेगळा फोन करतात.