समग्र वाङ्मयातला संवाद आणि अभंग : ओळ कुठे, पान कुठे?

प्रश्न : ‘किंग लिअर’ आणि तुकारामांचे अभंग यांवर लेख लिहिते आहे. नाटक ऑक्सफर्डच्या समग्र शेक्सपिअरमधून घेतलंय, अभंग इंदुप्रकाशच्या जुन्या दोन खंडांच्या गाथेतून. मार्गदर्शक म्हणतात, अवतरणापुढे पान नको, अंक-प्रवेश-ओळ द्या. मग पान, ‘संपा.’ आणि ‘खंड’ कुठे लिहायचं? ओळीसाठी ‘ओ.’ असा संक्षेप चालेल का?

उत्तर : तुमच्या मार्गदर्शकांचं म्हणणं योग्य आहे. ओळ मजकुरातल्या कंसात द्यायची आणि पान सूचीतल्या नोंदीत. तिथेही तुम्ही उद्धृत केलेल्या ओळीचं पान द्यायचं नाही. त्या जाड ग्रंथात ते नाटक कोणत्या पानापासून कोणत्या पानापर्यंत छापलं आहे, ते द्यायचं. साहित्याच्या विभागांत सर्रास वापरली जाणारी एमएलए पद्धत हेच सांगते. तिच्या चालीने तुमची नोंद मराठीत अशी होईल :

शेक्सपिअर, विल्यम. ‘द ट्रॅजेडी ऑफ किंग लिअर’. *द कम्प्लीट वर्क्स*, मुख्य संपा. स्टॅन्ली वेल्स आणि गॅरी टेलर, क्लॅरेंडन प्रेस, १९८६, पृ. (नाटकाचं पहिलं पान–शेवटचं पान).

नाव आधी नाटककाराचं, कारण शब्द त्याचे आहेत. संपादक ग्रंथाच्या नावामागे येतात, कारण त्यांचं काम त्या ग्रंथापुरतं आहे. ‘मुख्य संपा.’ लिहिलं ते ग्रंथात तसं म्हटलं आहे म्हणून. जॉन जॉवेट आणि विल्यम माँटगोमेरी हेही त्या ग्रंथाचे संपादक आहेत, पण मुख्य संपादक दोनच. नोंदीची सुरुवात संपादकाच्या नावाने करून पुढे ‘(संपा.)’ लिहायचं ते वेगळ्या प्रसंगी, म्हणजे संपूर्ण ग्रंथाविषयी बोलायचं असेल तेव्हा. संपादकाची प्रस्तावना उद्धृत केलीत, तर ती नोंद प्रस्तावना लिहिणाऱ्याच्या नावाने करायची. तिथे ओळी नसतात, त्यामुळे पान मजकुरातच द्यावं लागतं.

आता थोडं थांबून ‘लिअर’कडेच बघू. संपादकाचं नाव हा निव्वळ उपचार नाही, हे या नाटकाइतकं दुसरं कुठलं दाखवत नाही. ‘लिअर’ची दोन जुनी छापील रूपं आहेत : १६०८ची क्वार्टो आणि १६२३ची फोलिओ. क्वार्टोतल्या सुमारे तीनशे ओळी फोलिओत नाहीत, आणि फोलिओतल्या शंभरेक ओळी क्वार्टोत नाहीत. बहुतेक जुन्या संपादकांनी दोन्ही एकत्र करून एकच संहिता केली आणि आपण वर्गात वाचतो ती बहुधा हीच. वेल्स आणि टेलर यांनी तसं केलं नाही. त्यांनी एकाच ग्रंथात दोन लिअर छापले : क्वार्टोवरून ‘द हिस्टरी ऑफ किंग लिअर’ आणि फोलिओवरून ‘द ट्रॅजेडी ऑफ किंग लिअर’. ‘हिस्टरी’त अंक नाहीतच, फक्त सलग क्रमांकाचे चोवीस प्रवेश आहेत. ‘ट्रॅजेडी’त नेहमीसारखे पाच अंक आहेत.

त्यामुळे काय होतं, ते एका प्रवेशावर पाहा. डोव्हरजवळच्या शेतात, रानफुलं माळलेला वेडा लिअर आंधळ्या ग्लॉस्टरला भेटतो, आणि जन्मताच आपण रडतो ते या मूर्खांच्या रंगमंचावर आलो म्हणून, असं काहीसं बोलतो. रिव्हरसाइडच्या समग्र आवृत्तीत ही जागा ४.६.१८२–१८३ आहे. ऑक्सफर्डच्या ‘ट्रॅजेडी’त हाच प्रवेश ४.५ ठरतो. केन्ट आणि एक सरदार कॉर्डेलियाविषयी बोलतात तो छोटा प्रवेश, म्हणजे एकत्रित संहितेतला ४.३, फोलिओत नाही, म्हणून त्यापुढच्या चौथ्या अंकातल्या प्रवेशांचे क्रमांक एकेकाने कमी झाले. आणि ‘हिस्टरी’त तोच प्रवेश आहे विसावा. म्हणजे तुम्ही सूचीत ऑक्सफर्डची आवृत्ती लिहिलीत आणि मजकुरात टीकाग्रंथातून उचललेलं ४.६ टाकलंत, तर ‘ट्रॅजेडी’ उघडणारा वाचक लिअर आणि कॉर्डेलिया यांच्या पुनर्भेटीत जाऊन पोचेल. प्रवेश चांगला आहे, पण तुमचं अवतरण तिथे नाही.

अशी चूक चटकन सापडत नाही, कारण आकडे दिसायला अगदी नेमके असतात. तपासायची रीत एकच : सूचीत जी आवृत्ती लिहिली आहे, तीच हातात घेऊन प्रत्येक अवतरणाचा आकडा त्यावरून भरायचा. दुसऱ्याच्या लेखातून अवतरण घेतलंत, तरी आकडा त्याचा घ्यायचा नाही.

प्रवेशाचा क्रमांक जुळला, तरी ओळीचा जुळेलच असं नाही. पद्याची ओळ कवीने ठरवलेली असते, म्हणून ती बहुतेक आवृत्त्यांत तिथेच तुटते. गद्याची ओळ मात्र कागदाच्या रुंदीवर ठरते. वेडातला लिअर बराच गद्यात बोलतो. दोन रकान्यांत छापलेल्या समग्र ग्रंथात त्या गद्याच्या ओळी जास्त होतात, एकट्या नाटकाच्या सुट्या पुस्तकात कमी. त्यानंतर आलेल्या पद्याचे क्रमांकही मग दोन्हीकडे वेगळे पडतात. ‘हॅम्लेट’चा ३.१ हा प्रवेशही असाच आवृत्तीगणिक काही ओळींनी इकडे-तिकडे होतो. म्हणून मजकुरात ओळ देत असलात, तरी सूचीत संपादक, आवृत्ती आणि वर्ष द्यावंच लागतं. ऑक्सफर्डच्या २००५च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘एडवर्ड द थर्ड’ आणि ‘सर थॉमस मोर’ ही नाटकं पूर्ण घेतली आहेत. ती तुमच्या हातात असेल, तर संपादकांच्या नावांनंतर ‘दु. आ.’ लिहा आणि पानं त्या प्रतीवरूनच घ्या.

दोन्ही लिअर वापरणार असाल, तर सूचीत दोन नोंदी करा, आणि कंसातही ‘ट्रॅजेडी’ की ‘हिस्टरी’ ते लिहा. नुसतं ‘लिअर’ इथे पुरत नाही. गॉनरिल आणि रीगन यांच्यावर लिअर जो काल्पनिक खटला चालवतो, तो फक्त ‘हिस्टरी’त, तेराव्या प्रवेशात आहे. त्यावर लिहायचं तर दुसरा पर्यायच नाही. दर नोंदीत ग्रंथाचा सगळा तपशील पुन्हा लिहायला नको वाटत असेल, तर वेल्स आणि टेलर यांच्या नावाने संपूर्ण ग्रंथाची एक नोंद करा आणि नाटकांच्या नोंदींत नाटकाच्या नावापुढे ‘वेल्स आणि टेलर, पृ. …’ एवढंच ठेवा.

आता संक्षेपाचं. ‘ओ.’ टाळा. ज्ञानेश्वरीवर लिहिणाऱ्या प्रत्येकाने ‘ओ.’ म्हणजे ओवी असं वाचलेलं आहे, आणि संतकवितेवरच्या लेखात तर तो गोंधळ नक्की होईल. ‘अंक’ या शब्दालाही जपावं लागतं. मराठी सूचीत ‘अंक ३’ दिसलं की वाचकाला आधी नियतकालिकाचा अंक आठवतो. ‘प्र.’ही तसाच, कोणाला प्रवेश वाटेल, कोणाला प्रकरण, कोणाला प्रकाशन. पहिल्या अवतरणाला शब्द पूर्ण लिहावेत, ‘(अंक ४, प्रवेश ५, ओळी …)’ असे, आणि पुढे नुसते आकडे, मध्ये टिंब, म्हणजे ४.५ आणि त्यापुढे ओळ. सुट्या कवितेलाही हेच : पहिल्यांदा ‘ओळी ५–८’, नंतर फक्त आकडे.

गाथेच्या बाबतीत ओळ मोजायलाच जाऊ नका. अभंगाची छापील ओळ कुठे तुटेल, ते मुद्रकावर असतं. एकाच कडव्याचे तुकडे एका गाथेत एका ओळीत बसतात, तर दुसरीत दोन ओळींत. ओळींचे क्रमांक ज्या पुस्तकात छापलेले नाहीत, तिथे आपण मोजलेला आकडा वाचकाच्या काही कामाचा नसतो. अभंगात त्याऐवजी कडव्याशेवटी आकडा छापलेला असतो, तोच घ्यावा. मात्र तो बघून घ्यावा, अंदाजाने नाही. ‘वृक्षवल्ली आम्हां सोयरीं वनचरें’ या अभंगात पहिल्या कडव्यापुढे ॥१॥ आहे. त्यानंतरच्या ‘येणें सुखें रुचे एकांताचा वास’पुढे ॥ध्रु.॥ आहे. ॥२॥ येतो तो ‘आकाश मंडप पृथुवी आसन’च्या कडव्यापुढे. ‘येणें सुखें’ला तुम्ही मोजून ‘२’ म्हणालात, तर वाचक आकाशमंडपाखाली जाऊन उभा राहील. तिथे ‘ध्रु.’ असंच लिहायचं.

अभंगांचे क्रमांक गाथेगणिक बदलतात. म्हणून कंसात तुमच्या गाथेतला अभंग क्रमांक आणि कडवं द्या, आणि लेखात पहिल्यांदा उल्लेख करताना अभंगाचा पहिला चरणही द्या. ज्याच्या घरी सांप्रदायिक गाथा आहे, त्याला चरणावरून अभंग सापडतो, कारण बहुतेक गाथांच्या शेवटी अकारविल्हे सूची असते.

तुमच्या गाथेची नोंद, फक्त पहिला खंड वापरला असेल तर :

तुकाराम. *तुकारामबावाच्या अभंगांची गाथा*. संपा. विष्णु परशुराम शास्त्री पंडित, देखरेख शंकर पांडुरंग पंडित, खंड १, इंदुप्रकाश छापखाना, १८६९.

दोन्ही पंडितांची भूमिका वेगळी आहे, म्हणून दोघांनाही ‘संपा.’खाली एकत्र घातलं नाही. फक्त दुसरा खंड वापरला असेल, तर ‘खंड २’ आणि १८७३. दोन्ही वापरले असतील, तर छापखान्याआधीचा ‘खंड १’ काढून वर्षं ‘१८६९–७३’ करायची आणि नोंदीच्या शेवटी ‘२ खंड’ लिहायचं. ‘खंड २’ म्हणजे दुसरा खंड, ‘२ खंड’ म्हणजे दोन्ही मिळून. आकड्याची जागा बदलली की अर्थ बदलतो, आणि सूच्यांमध्ये सगळ्यात जास्त चुका मला इथेच दिसतात. दोन्ही खंडांतून अवतरणं असतील, तर कंसात आधी खंड, मग अपूर्णविराम, मग अभंग क्रमांक आणि कडवं असं लिहा. तुमच्या प्रतीत अभंगांचे क्रमांक दुसऱ्या खंडात सलग पुढे चालत असतील, तर कंसातला खंड गाळला तरी वाचक चुकणार नाही. मुखपृष्ठावर ‘खंड’ऐवजी ‘भाग’ छापला असेल, तर ‘भाग’च ठेवा, म्हणजे ग्रंथालयाच्या नोंदीशी ते जुळेल.

उद्या लेखात ‘नटसम्राट’ आणलंत, आणि ‘लिअर’चा विषय आहे म्हणजे बहुधा आणालच, तर तिथे ओळींचे क्रमांक छापलेले नाहीत. अंक आणि प्रवेश पुस्तकात जसे दिले असतील तसे लिहून पुढे पान द्या. त्या एका नाटकासाठी पान मजकुरात आलं, तर तुमच्या मार्गदर्शकांची हरकत नसावी.