डोळे मिटून बसलेल्या माणसाशी बोलावं का?

*मी 63 वर्षांची. हे गेल्यावर साताऱ्याहून बडोद्याला मुलाकडे राहायला आले. मधुमेह आहे, म्हणून डोळ्यांचा पडदा तपासायला ठरावीक काळाने दवाखान्यात जावं लागतं. शेजारी कुणी बसलं की मी 'केम छो' म्हणते आणि बोलायला लागते. परवा शेजारचे गृहस्थ डोळे मिटून बसले होते. मी दहा मिनिटं बोलत होते, ते 'हा बेन, हा बेन' म्हणत होते. मग एकदम म्हणाले, 'बेन, थोडी वार शांति.' सून बरोबर होती, तिचा चेहरा पडला. आता मी कुणाशी बोलूच नये का? समोरच्याला बोलायचंय की नाही, हे ओळखायचं कसं?*

*– एक वाचक, वाघोडिया रोड*

ताई, बोला, जरूर बोला. फक्त 'हा बेन' हा होकार धरू नका. आपल्याकडे शेजारचा मुलगा काकूंचं ऐकताना 'हो, हो' म्हणत मान डोलावतो ना, तसंच ते. वयाने मोठ्या बाईला थांबवणं कुणालाच सोपं जात नाही. त्या गृहस्थांनी दहा मिनिटं कळ काढली आणि मगच तोंड उघडलं, म्हणजे त्यांना खरंच त्रास होत असणार. तुमच्यावर राग असेल असं मला वाटत नाही.

पडदा तपासायच्या आधी बाहुली मोठी करायचे थेंब घालतात, ते तुम्हाला माहीतच आहे. थेंब झोंबतात. थोड्या वेळाने पुन्हा घालतात, आणि बाहुली पुरती मोठी व्हायला वीस मिनिटं ते अर्धा तास जातो. मधुमेह असला तर कधी कधी त्याहून जास्त. सिस्टर सांगून जाते, 'आंखो बंद राखजो.' त्यामुळे या दवाखान्यातली माणसं ओळखणं बाकीच्या दवाखान्यांपेक्षा अवघड. एरवी माणूस मोबाइलमध्ये डोकं घालून बसला की त्याला बोलायचं नाही हे कळतं, नजर वर करून हसला की बोलायचंय हे कळतं. इथे जवळचं धूसर दिसतं म्हणून मोबाइल पिशवीत गेलेला असतो, आणि डोळे सिस्टरने मिटायला लावलेले असतात. मिटलेले डोळे म्हणजे नको, असं नाही, आणि रिकामे हात म्हणजे हवं, असंही नाही. इथे कानांवरच भिस्त ठेवावी लागते.

मी काय करते ते सांगते. पहिलं बोलणं असं ठेवायचं की त्याला एका शब्दात उत्तर देता येईल आणि उत्तर देऊन गप्प बसता येईल. नुसतं 'केम छो' म्हटलं तर 'मजामां' म्हणावं लागतं, आणि डोळे चुरचुरत असताना मजा कसली! त्यापेक्षा 'केटलामो नंबर चाले छे?' हे बरं. आकडा सांगितला की समोरचा मोकळा. मग ऐकायचं. विचारलं त्याहून एखादा शब्द जास्त आला का? 'अगियारमो' एवढंच आलं, की 'अगियारमो, पण आजे बहु वार लागे छे' असं आलं? आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्रश्न परत आला का? 'तमारो केटलामो?' असं समोरून आलं, तर खुशाल पुढे बोला. दोनदा विचारूनही एकदाही काही परत आलं नाही, तर तिथे थांबायचं. आवाज कितीही गोड असला तरी थांबायचं.

गेल्या वर्षीचं सांगते. मी अशाच एका दवाखान्यात थेंब घालून बसले होते. शेजारी माझ्याच वयाची एक बाई, डोळे मिटलेले, मांडीवर फाइल. मी विचारलं, 'टीपां नाख्यां?' 'हा, बीजी वार,' ती म्हणाली. बीजी वार हे मी विचारलं नव्हतं, म्हणून मला वाटलं चला, बोलेल. मी म्हटलं, 'मने तो बहु बळे छे.' ती म्हणाली, 'हा.' आवाज अगदी सौम्य होता. पण मी किलकिल्या डोळ्यांनी पाहिलं, तर तिची बोटं फाइलची दोरी गुंडाळत होती, सोडत होती, परत गुंडाळत होती. तिचं मन दुसरीकडेच होतं. मी 'चालो, निरांते बेसो' एवढं म्हणून मान मागे टेकली. हे शेवटचं वाक्य मी नेहमी मोठ्याने म्हणते. नाहीतर डोळे मिटलेल्या माणसाला कळत नाही की आपण आता बोलणार नाही आहोत, आणि तो पुढच्या प्रश्नाची वाट बघत ताटकळत राहतो.

दहाएक मिनिटांनी तीच म्हणाली, 'बेन, तमे एकलां आव्यां छो?' ती एकटी आली होती. थेंबांनंतर उन्हात दिसेल का, मांडवीपर्यंत रिक्षा मिळेल का, याच विचारात ती होती. मग आम्ही अर्धा तास बोललो आणि खाली तिला रिक्षात बसवूनच मी निघाले. मी मघाशी बोलतच राहिले असते, तर तिचा प्रश्न तिच्याजवळच राहिला असता.

काही गोष्टी मात्र बोलणं छान जुळलं तरी टाळा. 'तुम्हाला काय झालंय?' हे विचारू नका. सांगायचं असेल तर माणूस आपणहून सांगतो. तेव्हा एक शब्द माहीत असलेला बरा: गुजरातीत काचबिंदूला झामर म्हणतात. दुसऱ्या कुणाचा डोळा गेल्याची हकिकत तिथे नको म्हणजे नकोच. आणि कुणी डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आलं की लगेच 'काय म्हणाले?' नको. त्या क्षणी त्यांच्या हातात नवी चिठ्ठी असते, ती त्यांना वाचता येत नसते, आणि ती कशाबद्दल आहे हे आपल्याला ठाऊक नसतं. आवाजही जरा खाली ठेवा. तिथे नावं पुकारतात, आणि ज्याचे डोळे मिटलेले आहेत त्याला तेवढाच आधार असतो.

तुम्ही लिहिलं नाहीत, पण मला वाटतं तुम्हाला मराठीची भूक असणार. पुकारलेलं नाव ऐकून ओळख काढायला जाल तर फसाल. इथे देसाई आणि जोशी दोन्हीकडचे असतात. सरळ 'तुम्ही मराठी का?' असं हळूच विचारा. दांडिया बाजारात गायकवाडांच्या काळापासून राहिलेली घरं आहेत, त्यातली एखादी आजी भेटली तर तुम्हाला गप्प बसायची वेळ येईल. तिच्या मराठीत गुजराती शब्द येतील, ते सुधारू नका.

ते गृहस्थ पुन्हा दिसले तर माफीचं लांबण लावू नका. त्यांचे डोळे उघडे असतील तर मान लववून 'जय श्री कृष्ण' म्हणा आणि एक खुर्ची सोडून बसा. सुनेला घरी एवढंच सांगा, पुढच्या वेळी मी दोनदा विचारून थांबले नाही, तर माझ्या हाताला हात लाव.