चिप कार्डाचं क्लोन होतं का?

प्रश्न: कार्डावर चिप आहे आणि मागे काळी पट्टी पण आहे. एटीएमला स्किमर लावून कोणी कार्ड कॉपी केलं तर चिपचा उपयोग काय?

उत्तर:

स्किमरच्या हाती लागते ती पट्टी. तिच्यावर कार्ड नंबर, एक्स्पायरी, तीन आकडी सर्व्हिस कोड आणि एक सीव्हीव्ही (कार्डामागे छापलेला नाही, हा वेगळा) असतो, आणि कार्ड बदलेपर्यंत यातलं काहीही बदलत नाही. म्हणून ते कोऱ्या कार्डावर उतरवलं की मशीनला खरंखोटं कळायला मार्गच नाही, पिन छुप्या कॅमेऱ्यातून मिळाला की झालं काम.

चिपचं तसं नाही. समजा तुम्ही 2000 रुपये काढताय. मशीन चिपला रक्कम, तारीख, चलन आणि त्याच क्षणी काढलेला एक रँडम नंबर देतं, चिप त्यात स्वतःचा काउंटर घालते, समजा 57, आणि आतल्या गुप्त किल्लीने 8 बाइटचा क्रिप्टोग्राम, म्हणजे त्या एका व्यवहारापुरता सांकेतिक कोड, बनवते. बँक तिच्याकडच्या किल्लीने तेच गणित परत करते, जुळलं तरच पैसे. पुढच्या वेळी काउंटर 58, रँडम नंबर नवा, म्हणजे परत 2000च काढले तरी क्रिप्टोग्राम वेगळाच येणार आणि 57 वाला चोरून काही फायदा नाही. किल्ली तर चिपच्या बाहेर येतच नाही.

आता पट्टीचं क्लोन केलं तर? सर्व्हिस कोड 2 किंवा 6 ने सुरू होत असेल तर मशीनला कळतं की या कार्डाला चिप आहे, आणि ते चिप मागतं. चोराने तो आकडा बदलून 1 केला तर पट्टीवरचा सीव्हीव्ही चुकतो, कारण तो सर्व्हिस कोड धरूनच काढलेला असतो. उरतात दोनच रस्ते. एक, बिघडलेली चिप दाखवून मशीनला स्वाइपवर यायला लावायचं, ज्याला फॉलबॅक म्हणतात. असा व्यवहार बँकेला वेगळा दिसतो आणि ती तो नाकारू शकते. दुसरा, ज्या मशीनवर चिप वाचलीच जात नाही तिथे क्लोन चालवायचं.

पण हे सगळं तपासणारा जागेवर असेल तरच, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेत नेमका तपासणाराच बाजूला पडला, एटीएमच्या विनंत्या बँकेच्या खऱ्या सिस्टिमपर्यंत पोचल्याच नाहीत, मधेच बसवलेला खोटा स्विच, म्हणजे एटीएमच्या विनंत्यांना उत्तर देणारी यंत्रणा, मंजुरी देत राहिला आणि क्लोन कार्डांनी 28 देशांतून सुमारे 78 कोटी निघाले. तपासणीच वगळली गेली की कार्ड कसलंही असो, काही उपयोग नाही.

तुमच्या हातात काय, तर बँकेच्या अ‍ॅपमध्ये इंटरनॅशनल वापर बंद ठेवा, बाहेर जाताना चालू करा. आणि दुकानात चिप नीट चालत असताना कोणी स्वाइपच करायचा आग्रह धरला तर कार्ड देऊ नका.