बरणीचं झाकण फुगलंय? आधी हे बघा

ताई, मिठाच्या पाण्यात आंबवायला ठेवलेल्या गाजर-मुळ्याच्या बरणीचं झाकण तिसऱ्या दिवशी फुगलं म्हणून तुम्ही विचारलंत, तर ते अगदी नॉर्मल आहे, उन्हाळ्यात तर होणारच, कारण भाजीवरचे जिवाणू साखर खाऊन आंबटपणा आणि गॅस तयार करतात. बरणी सिंकमध्ये ठेवा, वर फडकं टाका आणि झाकण हळूहळू सैल करा, एकदम उघडलंत तर पाणी उसळून बाहेर येईल. पहिला आठवडा रोज असा गॅस सोडा, आणि बरणी गळ्यापर्यंत भरू नका. पाणी गढूळ होणं, बुडबुडे, तळाशी पांढरा साका, यात काही बिघडलेलं नाही.

खराब झालंय ते असं ओळखा:
- हिरवी, काळी, गुलाबी केसाळ बुरशी
- आंबट वासाऐवजी कुजका वास
- भाजी बुळबुळीत

यातलं एकही दिसलं तर चव न घेता सगळं फेका, नुसता वरचा थर काढून भागत नाही. सपाट पांढरा पातळ पापुद्रा मात्र यीस्टचा असतो, तो काढला की झालं.

नवीन लोक बहुतेक मीठच कमी घालतात. लिटर पाण्याला २५-३० ग्रॅम, वजन करूनच घ्या, आणि भाजी पाण्याखाली दाबून ठेवा, वर तरंगलेल्या तुकड्यावरच बुरशी धरते.