दोन लाख दिल्याशिवाय शेअर सर्टिफिकेटवर नाव चढवत नाहीत?

प्रश्न: रिसेलचा फ्लॅट घेतला, रजिस्ट्रेशन झालं, राहायलाही आलो. आता सोसायटीवाले म्हणतात बिल्डिंग फंडाला दोन लाख डोनेशन द्या तरच शेअर सर्टिफिकेटवर नाव चढेल, आणि आमची एनओसी न घेता व्यवहार केलात म्हणून आम्ही मेंबर करून घ्यायला बांधील नाही. काय करावं?

उत्तर:

देऊ नका. बाकीचं सगळं नंतर वाचा पण आधी हे ऐका, दोन लाख देऊ नका, आणि "मी स्वखुशीने देणगी देत आहे" असं छापील पत्र समोर सरकवलं तर त्याच्यावर सही तर अजिबात करू नका. ते पत्रच त्यांना हवं असतं, कारण एकदा स्वखुशीने लिहून दिलंत की उद्या सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे गेलात तरी ते तोच कागद पुढे करणार.

आमच्याकडे अगदी हेच झालं म्हणून लिहितेय. डोंबिवलीतली जुनी चार मजली बिल्डिंग, लिफ्ट नाही, आणि विकणारे काका मुलीकडे नाशिकला राहायला गेलेले. व्यवहारात काही खोट नव्हती. काकांनी ट्रान्सफर करायचा इरादा आहे अशी पंधरा दिवसांची नोटीस सोसायटीला रीतसर दिली होती, सोबत आमची संमतीही जोडली होती, सेक्रेटरींनी पोच दिली. मग अॅग्रीमेंट रजिस्टर झालं, इंडेक्स टू हातात आला आणि आम्ही सगळी फाइल घेऊन गेलो तर चेअरमन म्हणाले आमच्याकडे ठराव झालाय, नवीन येणाऱ्याने दीड लाख द्यायचे. मी म्हटलं ठरावाची प्रत द्या. ते म्हणाले बघायला मिळेल, प्रत मिळणार नाही. बरं, बघते म्हटलं. सभेच्या इतिवृत्ताच्या वहीत खरंच लिहिलेलं होतं, पण काय लिहिलं होतं तर "येणाऱ्या सभासदाने इमारत निधीस स्वेच्छेने योगदान द्यावे". जे स्वेच्छेने द्यायचं ते दिलं नाही म्हणून माझं नाव कसं काय अडवणार तुम्ही? हे मी तिथेच विचारलं, आणि त्या दिवसापासून आम्ही भांडकुदळ ठरलो.

घरातसुद्धा. आमचे मोठे भाऊजी म्हणाले, अगं देऊन टाका, एवढा फ्लॅट घेतला त्यात दीड लाखाचं काय घेऊन बसलात, रोज जिन्यात तोंड दिसणार त्यांचं, शेजारच्यांशी वैर घेऊन राहता येतं का. त्यांनी स्वतःच्या सोसायटीत असेच भरले होते आणि पावती "इतर जमा" म्हणून मिळाली होती. ते अजूनही म्हणतात की त्यांनी शहाणपणा केला. माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं की हा शेजारधर्माचा प्रश्नच नाही, हिशोबाचा आहे. कायद्याने सोसायटी काय घेऊ शकते ते ठरलेलं आहे. आदर्श उपविधी म्हणजे सोसायट्यांची नमुना नियमावली, तिच्याप्रमाणे ट्रान्सफर फी ५०० रुपये, नवीन सभासदाची प्रवेश फी १०० रुपये, आणि हस्तांतरण प्रीमियम, तोही सर्वसाधारण सभेने ठरवलेल्या दराने, पण महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५,००० रुपये. २००१ च्या शासन परिपत्रकापासून ही मर्यादा आहे. नगरपालिका असेल तर वर्गाप्रमाणे अजून कमी, ग्रामपंचायत असेल तर ५,०००. म्हणजे सगळं धरून २५,६०० च्या वर एक रुपया नाही, मग त्याला बिल्डिंग फंड म्हणा, डेव्हलपमेंट फंड म्हणा नाहीतर पार्किंग डिपॉझिट म्हणा. आणि घरातल्या घरात ट्रान्सफर असेल, बापाकडून मुलाला वगैरे, तर प्रीमियम लागतच नाही. अजून एक, उपविधीप्रमाणे ट्रान्सफर फी आणि प्रीमियम विकणाऱ्याने भरायचा असतो, आपल्याकडे निम्मा निम्मा करायची पद्धत आहे ती आपसातली. तुमच्या अॅग्रीमेंटमध्ये काय लिहिलंय ते बघा.

एनओसीचं तर त्याहून सोपं. उपविधी ३८ काढा, त्यात स्पष्ट लिहिलंय की शेअर्स आणि हक्क ट्रान्सफर करायला सोसायटीच्या एनओसीची गरज नाही. बँकेला लोनसाठी हवी असते म्हणून आपण मागतो, ती वेगळी गोष्ट. एनओसी घेतली नाही म्हणून मेंबर करणार नाही हे उत्तर लेखी मागा. देणार नाहीत, कारण लिहून दिलं की त्यांचंच अडचणीचं होतं.

आता आमच्या सेक्रेटरींनी पुढे काय केलं, तर अर्जच घ्यायचं बंद केलं. हाताने दिला तर "चेअरमन नाहीत", व्हॉट्सअॅपवर पाठवला तर ब्लू टिक आणि गप्प. तुमच्याकडेही आता हेच होईल, म्हणून हा भाग नीट वाचा. स्पीड पोस्टाने, रजिस्ट्रेशनची सोय घेऊन आणि पोचपावती जोडून, सोसायटीच्या नोंदणीकृत पत्त्यावर पाठवा. आत सभासदत्वाचा अर्ज, विकणाऱ्याचा ट्रान्सफरचा अर्ज आणि राजीनामा, रजिस्टर्ड अॅग्रीमेंटची प्रत, इंडेक्स टू, स्टॅम्प ड्युटीची पावती, मूळ शेअर सर्टिफिकेटची झेरॉक्स आणि फी आणि प्रीमियमचे चेक. मूळ सर्टिफिकेट पोस्टात घालू नका हं, ते नोंद करायच्या वेळी हातात द्यायचं आणि त्याची पोच घ्यायची. आमचं पाकीट परत आलं. वर पोस्टमनने निळ्या पेनाने "घेण्यास नकार" असं लिहून तारीख आणि सही केलेली. मिस्टर ते फोडायला निघाले होते, मी अडवलं. तसलं पाकीट फोडायचं नाही, बंदच ठेवायचं, उपनिबंधकांच्या टेबलावर ते बंद पाकीट ठेवलं की सोसायटीला "अर्ज आलाच नव्हता" म्हणता येत नाही.

मग महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याचं कलम २३. सोसायटी अर्ज किंवा पैसे घ्यायलाच नकार देत असेल तर तोच अर्ज आणि पैसे निबंधकांकडे म्हणजे प्रत्यक्षात तुमच्या वॉर्ड किंवा तालुक्याच्या उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे द्यायचे, ते ३० दिवसांत सोसायटीला पाठवतात, आणि तिथून ६० दिवसांत सोसायटीने काही कळवलं नाही तर तुम्ही सभासद झालात असं मानलं जातं. आणि सोसायटीने अर्ज घेतला पण नुसता दाबून ठेवला, तर कलम २२ प्रमाणे मिळाल्यापासून तीन महिने. तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर मानीव सभासदत्व. पण हे आपोआप वहीत लिहिलं जात नाही, त्यावर वाद झाला की उपनिबंधक दोघांचं ऐकून ठरवतात, म्हणून पोचेची तारीख हेच तुमचं सगळं भांडवल. उलट लेखी नकार आला, कारणासकट, तर त्याच्यावर दोन महिन्यांच्या आत अपील करायचं, तेव्हा मात्र आळस करू नका.

तुमचा अर्ज आत्ता कुठल्या अवस्थेत आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत. नुसतं तोंडी बोलणं झालं असेल तर कायद्याच्या हिशोबाने अजून एकही दिवस मोजायला सुरुवात झालेली नाही.

आमच्याकडे उपनिबंधकांचं पत्र गेल्यावर कमिटीचा सूर एकदम बदलला. मुदत संपायच्या आतच मीटिंग लावली, २५,००० चा चेक घेतला, रीतसर पावती दिली, आणि सेक्रेटरी स्वतः सर्टिफिकेट मागायला दारात आले. ते सर्टिफिकेट बघण्यासारखं असतं, बहुतेक लोक फक्त पुढची बाजू बघतात. पुढे पहिल्या मालकाचं नाव, ५० रुपयांचे पाच शेअर्स, त्यांचे अनुक्रमांक. पण खरी बाजू मागची. तिथे कोष्टक असतं, ट्रान्सफरची तारीख, कोणाकडून कोणाकडे, रजिस्टरचा क्रमांक, आणि चेअरमन, सेक्रेटरी, एक कमिटी मेंबर अशा तीन सह्या आणि शिक्का. आमच्या सर्टिफिकेटवर काकांच्याही आधीच्या मालकाची ओळ होती आणि तिच्यात कमिटी मेंबरची सही राहून गेलेली, ती मी आमची ओळ लिहिताना त्यांच्याकडून दुरुस्त करून घेतली, नाहीतर उद्या आम्ही विकायला गेलो की पुढच्या बँकेने तिथेच बोट ठेवलं असतं. तुम्हीही साखळी तपासा, एका ओळीतला घेणारा हाच पुढच्या ओळीतला देणारा असला पाहिजे. नावाचं स्पेलिंग अॅग्रीमेंटसारखंच हवं, दोघांच्या नावावर फ्लॅट असेल तर दोघांचीही नावं त्याच क्रमाने. आणि नुसत्या सर्टिफिकेटवर लिहून घेऊन घरी जाऊ नका, सभासदांचं आय रजिस्टर आणि जे नमुन्यातली यादी यात नाव आलं का तेही डोळ्यांनी बघा.

भाऊजी म्हणतात ते एका बाबतीत खरं आहे, जिन्यात काही दिवस कोणी बोलत नव्हतं. पण त्याच जिन्यात तळमजल्यावरच्या नवीन भाडेकरूंनी नंतर तिथलाच फ्लॅट विकत घेतला तेव्हा त्यांच्याकडे दीड लाख मागायची कोणाची हिंमत झाली नाही, ते २५,००० च भरून सभासद झाले. भाऊजींच्या सोसायटीत मात्र आकडा दर दोन-तीन वर्षांनी वाढतोच आहे, आणि वाढणारच, कारण आधीच्या प्रत्येकाने भरलेत ना.

आता काही गोष्टी ज्या आधी सांगायला हव्या होत्या. विकणाऱ्याची मेंटेनन्सची थकबाकी असेल तर सोसायटी अडवू शकते आणि ते बरोबरच आहे, ती लेखी मागवून चुकती करून घ्या. मधल्या काळात बिल जुन्या मालकाच्या नावाने आलं तरी वेळेवर चेकने भरत राहा, रागाने बंद करू नका, तेच त्यांना कारण मिळतं. जुन्या मालकाचं लोन असेल तर मूळ सर्टिफिकेट त्यांच्या बँकेत अडकलेलं असतं, ते सुटून येईपर्यंत नोंद होणार नाही, त्यात सोसायटीचा दोष नाही. सिडको किंवा म्हाडाच्या लीजवरच्या जागेत त्यांची ट्रान्सफरची परवानगी वेगळी लागते, तिथे मी म्हणतेय तेवढं सरळ नाही. आणि सगळ्यात आधी बघा की तुमची खरंच सहकारी सोसायटी आहे ना, का डीड ऑफ अपार्टमेंटवाली असोसिएशन आहे. पुण्यात तशा बऱ्याच आहेत, नावात लोक सोसायटीच म्हणतात पण तिथे शेअर सर्टिफिकेट हा प्रकारच नसतो आणि वरची कलमं लागू होत नाहीत. तुमच्याकडे शेअर सर्टिफिकेट आहे म्हणताय म्हणजे बहुतेक सोसायटीच असणार, पण नोंदणी क्रमांक बघून खात्री करा आणि अर्ज याच आठवड्यात स्पीड पोस्टाने टाका.